चुकीचं वीजबिल : रेकॉर्ड केलेल्या तक्रार कॉलची टिपणं, मिळालेली आश्वासनं आणि पुढची पायरी

उंबरठा (धागाकर्ता) · २० ऑगस्ट, रात्री ९:४०

घरचं बिल एरवी सतराशेच्या आसपास येतं. या वेळी ₹१२,६३० आलं. वापर ७६६ युनिट. एसी नाही, गीझर उन्हाळ्यापासून बंद, त्यामुळे पहिल्यांदा बिलावरचे आकडेच पाहिले.

मागील रीडिंग (४ जुलै) ०५९९८. चालू रीडिंग (४ ऑगस्ट) ०६७६४. बिलावर मीटरचा छोटा फोटो छापलेला असतो, तो मोबाईलवर मोठा करून पाहिला, तर त्यात चक्क ०६१६४ दिसतंय. शेकड्याच्या जागी १ आहे. त्या एकाच्या डोक्यावर काचेची चमक पडली आहे आणि रीडिंग घेणाऱ्याने तो ७ वाचला. म्हणजे वापर १६६ युनिट, बिल व्हायला हवं सुमारे ₹१,७१०.

११ ऑगस्टला टोल फ्री नंबरवर फोन केला आणि तो रेकॉर्ड केला. नंतर शांतपणे ऐकून टिपणं काढली, ती खाली देतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका. डावीकडची वेळ कॉल सुरू झाल्यापासूनची आहे.

००:१० – "सेवेच्या गुणवत्तेसाठी हा कॉल ध्वनिमुद्रित केला जाऊ शकतो."

०२:४० – ग्राहक क्रमांक, नाव, पत्ता जुळवला. बाई बोलायला नम्र होत्या, हे आधी सांगतो.

०४:१५ – मी म्हटलं, रीडिंग चुकीचं वाचलंय. त्या म्हणाल्या, "युनिट जास्त आलेत ना, मग मीटर फास्टची तक्रार टाकते." मी म्हटलं, मीटर बरोबर आहे, वाचणारा चुकला. "सर, माझ्याकडे बिलाच्या तक्रारीत तोच पर्याय जवळचा आहे."

०६:५० – "७२ तासांत आमचा माणूस येऊन बघून जाईल."

०८:३० – "पुढच्या बिलात आपोआप वजा होऊन येईल, काळजी करू नका."

१०:०५ – "तोपर्यंत हे बिल भरून टाका सर, नाहीतर लाइन कट होईल. जास्तीचे पैसे जमा दिसतील."

११:४० – नाव विचारलं. फक्त पहिलं नाव सांगितलं. कर्मचारी क्रमांक द्यायला नकार.

१२:२० – वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं. "सर मीटिंगमध्ये आहेत, १३ तारखेला संध्याकाळपर्यंत कॉलबॅक येईल."

१३:०० – तक्रार क्रमांक दिला. एसएमएस लगेच आला, त्यात तक्रारीचा प्रकार 'सदोष मीटर'.

१३ तारखेला फोन आला नाही. ७२ तास १४ ला संपले, पुढे १५ ऑगस्टची सुट्टी आली, म्हणून १८ पर्यंत थांबलो. कोणीही आलं नाही. १८ ला दुसरा कॉल केला, तोही रेकॉर्ड आहे. उत्तर : "तुमची तक्रार १६ तारखेला निकाली काढलेली दिसतेय. शेरा आहे, ग्राहकास माहिती दिली." कोणी दिली, कधी दिली, याला उत्तर नाही.

बिलाची मुदत २८ ऑगस्ट. आता करायचं काय? भरून टाकू, की अडून बसू?

---

रिकामटेकडा · २० ऑगस्ट, रात्री १०:०५

भरून टाका आणि झोपा. माझेही एकदा असेच आले होते, चार महिन्यांत फिटले. ह्यांच्या नादी लागून कोणाचं भलं झालंय?

---

कायद्याचं_बोला · २० ऑगस्ट, रात्री १०:५०

लाइन कापायची असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ खाली पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरची धमकी म्हणजे नोटीस नव्हे. घाबरू नका.

शिवाय मीटर सदोष असेल तर आयोगाच्या वीज पुरवठा संहितेप्रमाणे जास्तीत जास्त तीन महिने मागे जाऊन बिल दुरुस्त करावं लागतं. त्यामुळे मीटर टेस्टिंगचे पैसे भरा आणि रिपोर्ट मागा. रिपोर्ट आला की त्यांची बोलती बंद.

---

मंगल_ज · २१ ऑगस्ट, सकाळी ७:२०

आमच्याकडेही हाच त्रास! आम्ही मुलाकडे पाच महिने राहायला गेलो होतो, घर बंद. दर महिन्याला अंदाजे बिल येत राहिलं, फॅनसुद्धा लागला नव्हता हो. आल्यावर ऑफिसला गेले तर म्हणाले, 'घर बंद असल्यास सरासरी लागते'. मग तुमचंही घर बंद होतं का त्या दिवशी?

---

उंबरठा · २१ ऑगस्ट, सकाळी ८:१०

नाही ताई, मीटर खाली जिन्याशेजारी आहे, रीडिंगवाला आला होता. फोटोही त्यानेच काढलाय.

---

आवकजावक · २१ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी बिलिंगच्या टेबलावर आयुष्य काढून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कायदेबोल्यांना : नोटिशीचं बरोबर सांगितलंत. पण मीटर टेस्टिंगला लावू नका हो यांना. तीन महिन्यांचा तो नियम सदोष मीटरसाठी आहे. इथे मीटर ठणठणीत आहे. टेस्टिंगचे पैसे भरले की मीटर लॅबला जाणार किंवा जागेवर अॅक्युचेक लावून बघणार, आणि अहवाल येणार 'मीटर योग्य'. त्या अहवालावर तक्रार बंद. तुमचं म्हणणंही मीटर योग्य आहे हेच होतं, पण आता तो कागद तुमच्या विरुद्ध वापरला जाणार : मीटर योग्य आहे, म्हणजे ७६६ युनिट योग्य आहेत. कॉलमध्ये ०४:१५ ला जे झालं, तिथेच ही गाडी चुकीच्या रुळावर गेली. तक्रारीचा प्रकार 'चुकीचं रीडिंग' असाच लिहून घ्यायचा. फोनवर तो पर्याय मिळत नसेल तर फोन सोडून कागदावर यायचं.

आता ०८:३० चं वाक्य, "आपोआप वजा होऊन येईल". सगळ्या कॉलमधलं हे सर्वात महाग वाक्य आहे. कसं ते बघा.

सिस्टिममध्ये तुमचं शेवटचं रीडिंग ०६७६४ बसलंय. ४ सप्टेंबरला रीडिंगवाला येईल तेव्हा मीटरवर ०६३३० च्या आसपास असेल. चालू रीडिंग मागच्यापेक्षा कमी. रीडिंग मागे जात नाही, त्यामुळे सिस्टिम वजा युनिटचं बिल काढत नाही, ते रीडिंग ती बाजूला टाकते आणि सरासरीचं बिल काढते. ती सरासरी मागच्या महिन्यांवरून निघते, आणि त्यात हा ७६६ वाला महिनाही बसलेला असतो. म्हणजे एका चुकीच्या बिलाला दुसरं चुकीचं बिल होतं.

बरं, समजा कोणी काहीच केलं नाही आणि तुमचा वापर हळूहळू ०६७६४ च्या पुढे गेला. महिना १६६ च्या हिशेबाने तिथे पोचायला साडेतीन-चार महिने लागतील. रिकामटेकडा म्हणतात तसं 'फिटलं' असं वाटेल. पण पैसे फिटत नाहीत. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यावर चौथा. तुमची जास्तीची ६०० युनिट एकाच महिन्यात पडली, त्यामुळे ती वरच्या टप्प्यांत गेली आणि त्यांचे जवळजवळ ₹१०,९०० लागले. तीच ६०० युनिट महिन्या-महिन्याला तुमच्या नेहमीच्या वापरात आली असती तर ₹५,६०० च्या आसपास झाले असते. युनिट फिटतील, वरचे पाच हजार बुडाले ते बुडाले. म्हणून 'वजा होऊन येईल' याला कधीही हो म्हणू नये. मागायचं ते एकच : ऑगस्टचं बिल रद्द करून ०६१६४ या रीडिंगवर नवं बिल. आमच्या टेबलावर याला 'बी-८० करणं' म्हणायचे. काउंटरवर जाऊन "साहेब, बी-८० टाकलं का?" असं विचारलंत की समोरचा मान वर करून बघतो.

---

रिकामटेकडा · २१ ऑगस्ट, दुपारी २:१५

म्हणजे मी पाच हजाराला टोपी घालून घेतली म्हणायची. आज जेवण गोड लागायचं नाही.

---

सौरऊर्जा_घरी · २१ ऑगस्ट, दुपारी ४:००

रीडिंग मागे जात नाही असं का म्हणताय? आमचं सोलर लावल्यापासून दिवसा मीटर उलटं जातं की. धागाकर्त्यांकडे सोलर आहे का?

---

आवकजावक · २१ ऑगस्ट, दुपारी ४:४०

तुमच्या नेट मीटरमध्येही आकडा उलटा जात नाही. आत घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन वेगळ्या नोंदींत साठते, दोन्ही पुढेच जातात, वजाबाकी बिलात होते. डिस्प्लेवर आकडे आळीपाळीने फिरतात म्हणून तसं वाटतं.

पण तुमच्या प्रश्नातूनच यांचा सगळ्यात भक्कम पुरावा निघतो. उंबरठा, आजचं मीटर रीडिंग किती आहे?

---

उंबरठा · २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

आत्ता पाहून आलो. ०६२५५. आणि ११ ऑगस्टला कॉल करण्याआधी फोटो काढला होता, त्यात ०६२०१.

---

आवकजावक · २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

झालं की मग! ४ ऑगस्टला ०६७६४ आणि ११ ला ०६२०१. मीटर मागे जात नाही, म्हणजे ४ तारखेचा आकडा चुकीचा. काचेवरची चमक, १ की ७, हा वाद घालायचीच गरज नाही. बिलावरचा फोटो अंधूक आहे असं ते म्हणू शकतात, ०६२०१ ला उत्तर नाही.

आता एक व्हिडिओ काढा, न थांबवता. आधी मीटरचा अनुक्रमांक, तो बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग डिस्प्ले फिरू द्या. मीटरची तारीख आणि वेळ येईल, मग युनिटचा आकडा येईल. मीटरनेच दाखवलेली तारीख असली की 'फोटो कधीचा?' हा प्रश्न उरत नाही.

---

कायद्याचं_बोला · २१ ऑगस्ट, रात्री ९:१५

मीटर टेस्टिंगचं मान्य. वाचलेलं चुकलं आणि मीटर चुकलं यात मी गल्लत केली.

पण पैशांचं राहिलं. कलम ५६(१) चं परंतुक बघा. बिलावर वाद असेल आणि ग्राहकाने 'अंडर प्रोटेस्ट' रक्कम भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. रक्कम किती? मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारा आकार, दोन्हींत कमी असेल ती. म्हणजे तुमच्या बाबतीत सोळा-सतराशे रुपये. १०:०५ ला सांगितलेलं 'पूर्ण भरा नाहीतर कट' हे चूक आहे.

आणि कलम ५६(२) चा दोन वर्षांचा नियमही तुमच्या बाजूने आहे.

---

आवकजावक · २१ ऑगस्ट, रात्री ९:५०

पहिलं अगदी बरोबर, आणि लाखमोलाचं. ५६(२) मात्र इथे काही कामाचं नाही. जुनी थकबाकी कंपनीने वर्षानुवर्षं बिलात न दाखवता अचानक मागितली तर तो उपयोगी. यांचं बिल याच महिन्याचं आहे.

पैसे भरताना काळजी एकच. नुसते ऑनलाइन कमी पैसे टाकले तर सिस्टिमला ते अपुरं भरलेलं बिल वाटतं, पुढे बाकी थकबाकी म्हणून येते आणि विलंब आकार चढतो. म्हणून आधी उपविभागात पत्र द्यायचं, त्यात कलम लिहायचं, सहा महिन्यांच्या बिलांची यादी आणि सरासरी मांडायची. प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. मग भरायचं.

---

शेवंती · २२ ऑगस्ट, सकाळी ११:००

मला एक शंका. त्या बाईंना न सांगता कॉल रेकॉर्ड केला, हे बेकायदेशीर नाही का? माझ्या ऑफिसमध्ये असं केल्याबद्दल एकाला मेमो मिळाला होता.

---

कायद्याचं_बोला · २२ ऑगस्ट, सकाळी ११:४०

ऑफिसचे नियम वेगळे. स्वतःच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या तक्रारीसाठी ठेवणं हा गुन्हा आहे असं सांगणारा कायदा माझ्या माहितीत नाही. शिवाय ००:१० ला त्यांनीच सांगितलंय की कॉल मुद्रित होतो.

कोर्टात ते पुरावा म्हणून द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, म्हणजे जुनं ६५ब. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. सोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फाइल त्याच फोनमध्ये जशीच्या तशी ठेवा, कापू-जोडू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत ही मूळ नव्हे.

---

आवकजावक · २२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

कोर्टापर्यंत कशाला जाताय. रेकॉर्डिंग सीडीवर घालून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवाल तर साहेब बिथरतील आणि तुमचं काम मागे पडेल. त्याचा उपयोग वेगळा आहे. उंबरठांनी जशी मिनिटवार टिपणं काढली, त्यातली दोन-तीन वाक्यं पत्रात तारखेसकट टाकायची, आणि शेवटी लिहायचं की 'सदर दोन्ही कॉल आपल्याकडेही ध्वनिमुद्रित असल्यास जतन करावेत'. एवढं पुरतं. १६ तारखेचा 'ग्राहकास माहिती दिली' हा शेरा जिथे लिहिला गेला, तिथे लगेच शोधाशोध सुरू होते, कारण माहिती दिल्याचा कॉल मिळत नाही.

त्या बाईंचं नाव पत्रात घालू नका. ती कंत्राटी मुलगी, समोर स्क्रीनवर जे पर्याय दिसतात तेच बोलते. बिल दुरुस्त करायचा अधिकार तिच्याकडे नाही. ७२ तास, कॉलबॅक, वजा होणं, यातलं काहीही तिच्या हातात नव्हतं. अधिकार उपविभागात आहे, आणि रक्कम मोठी असेल तर त्याच्याही वर मंजुरीला जातं.

---

उंबरठा · २३ ऑगस्ट, रात्री ८:२०

पत्र लिहिलं, सोमवारी देणार. नजर घाला :

"विषय : ४ ऑगस्टचे चालू रीडिंग ०६७६४ ऐवजी ०६१६४ धरून ऑगस्टचे बिल रद्द करून नव्याने देणेबाबत.

१) बिलावरील छायाचित्रात ०६१६४ दिसते. २) ११ ऑगस्ट रोजी मीटरवर ०६२०१ व २३ ऑगस्ट रोजी ०६२६६ होते, छायाचित्र व चित्रफीत सोबत. ३) ११ ऑगस्ट रोजी नोंदवलेली तक्रार 'सदोष मीटर' या चुकीच्या प्रकारात घेतली गेली व स्थळ तपासणी न होता १६ ऑगस्ट रोजी बंद झाली. माझी मीटरबाबत तक्रार नाही. ४) फरक पुढील बिलांत वळता करण्यास माझी संमती नाही. ५) कलम ५६(१) च्या परंतुकानुसार सहा महिन्यांच्या सरासरीने ₹१,६५० निषेध नोंदवून भरत आहे. ६) स्थळ तपासणी करून अहवालाची प्रत व माझा सीपीएलचा उतारा मिळावा."

---

आवकजावक · २३ ऑगस्ट, रात्री ९:००

चौथा मुद्दा घातलात, वा! सीपीएल मागितलात तेही चांगलं, त्यात महिन्यागणिक रीडिंग, वापर, भरणा सगळं दिसतं आणि दुरुस्ती खरंच झाली की नाही ते कळतं. तोंडी 'केलं' म्हणतील तेव्हा सीपीएल बघायचा.

लाइनमन तपासणीला येईल तेव्हा त्याच्या कागदावर रीडिंगचा आकडा स्वतः वाचून मगच सही करा. 'मीटर तपासले, ठीक आहे' एवढंच लिहिलेल्या कागदावर सही नको.

---

मंगल_ज · २४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मीही असंच पत्र देऊ का? माझ्या पाच महिन्यांच्या सरासरीचं?

---

आवकजावक · २४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

द्या, पण तुमची मागणी वेगळी. तुम्ही परत आल्यावर खरं रीडिंग घेतलं गेलं का ते आधी बघा. घेतलं असेल तर मधल्या सरासरीच्या बिलांची रक्कम त्यातून वजा झाली पाहिजे, आणि खरा वापर सहाही महिन्यांत विभागून टप्प्यांचा फायदा मिळाला पाहिजे. तुमचा वापर शून्याजवळ असणार, म्हणजे परतावा निघेल. वेगळा धागा काढलात तर आकडे बघून सांगतो.

---

उंबरठा · १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

हालहवाल.

पत्र दिलं, आवक क्रमांक मिळाला. काउंटरवरचे गृहस्थ आधी म्हणाले, "ऑनलाइन तक्रार करा, आम्ही कागद घेत नाही." मी कलम ५६ चा परिच्छेद दाखवला, ते आत गेले, बाहेर आले आणि काही न बोलता शिक्का मारला. ₹१,६५० भरले.

२९ ऑगस्टला लाइनमन आले. दादा भले होते, बिलावरच्या फोटोवर बॅटरी धरून स्वतःच म्हणाले, "हा एक आहे हो, सात कुठला!" अहवालात ०६२९८ लिहिलं आणि शेरा 'मागील रीडिंग चुकीचे'.

तरी सप्टेंबरचं बिल आवकजावकांनी सांगितलं तसंच आलं. ८ सप्टेंबरचं बिल, चालू रीडिंगच्या जागी मागचंच ०६७६४, वापर ३५९ युनिट सरासरीने. वर ऑगस्टची उरलेली रक्कम थकबाकी म्हणून आणि त्यावर विलंब आकार. फोन केला नाही, सरळ ऑफिस गाठलं. साहाय्यक अभियंता म्हणाले, ऑगस्टची दुरुस्ती मंजुरीला गेली आहे, सप्टेंबरचं "ते झालं की बघू".

---

कायद्याचं_बोला · १४ सप्टेंबर, रात्री ८:४५

आता ग्राहक आयोगात जा. सेवेतली त्रुटी स्पष्ट आहे. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये अनीस अहमद प्रकरणात कलम १२६ खालच्या आकारणीला आयोगाचा रस्ता बंद केला, पण तुमचं प्रकरण अनधिकृत वापराचं नाही, साध्या बिलाचं आहे.

---

आवकजावक · १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

जाता येईल, पण तिथे तारखा पडत राहतात. याच कामासाठी वीज कायद्याच्या कलम ४२(५) खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तो आधी वापरावा. राज्य आयोगाच्या २०२० च्या विनियमांप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येतं आणि मंचाने साधारण ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. निकाल पटला नाही तर आदेशापासून ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. तोडणीची नोटीस आलीच तर मंचाकडे अंतरिम आदेश मागता येतो. मात्र एकाच वेळी दोन दारं वाजवायची नाहीत. तोच वाद दुसरीकडे चालू असेल तर मंच दाखल करून घेत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आठवडाभर थांबलो असतो. दुरुस्ती मंजुरीला गेली हे खरं असेल तर ती होईल.

---

शेवंती · १४ सप्टेंबर, रात्री १०:००

थांबायचा सल्ला मला पटत नाही. "मंजुरीला गेलंय" आणि "७२ तासांत माणूस येईल" यात फरक काय? दोन्ही तोंडीच.

---

आवकजावक · १४ सप्टेंबर, रात्री १०:२०

फरक एवढाच की मंजुरीच्या प्रस्तावाला जावक क्रमांक असतो. तो मागा. दिला तर थांबा, नाही दिला तर शेवंतीताईंचं ऐका आणि मंचाचा अर्ज भरा.

---

उंबरठा · २६ सप्टेंबर, दुपारी १२:१५

जावक क्रमांक मिळाला होता. २३ ला ऑगस्टचं बिल दुरुस्त झालं, १६६ युनिट, ₹१,७१० च्या आत. सीपीएलचा उतारा हातात आहे, त्यात ०६१६४ आलंय. विलंब आकारातला ऑगस्टच्या फरकावरचा भाग निघाला.

अडलंय ते सप्टेंबरपाशी. ३५९ युनिटचे ₹४,५७० तसेच उभे आहेत. बिलिंगवाले म्हणतात, ऑक्टोबरचं खरं रीडिंग आलं की दोन महिन्यांचा वापर विभागून सरासरीचं बिल त्यातून वजा होईल. पुन्हा 'वजा'. हे मान्य करावं का?

---

आवकजावक · २६ सप्टेंबर, दुपारी १:००

या वेळचं 'वजा' वेगळं आहे. आता मागचं रीडिंग ०६१६४ बसलंय, ऑक्टोबरचं रीडिंग त्याच्या पुढेच असेल. सिस्टिम दोन महिन्यांत युनिट विभागते, टप्पेही दोन महिन्यांचे देते, आणि सरासरीचे भरलेले किंवा लावलेले पैसे वळते करते. नुकसान होऊ नये. पण ४ ऑक्टोबरला रीडिंगवाला येईल तेव्हा समोर उभे राहा आणि आकडा बरोबर टाकला का ते पाहा, कारण ती चमक अजून तिथेच आहे.

---

कायद्याचं_बोला · २६ सप्टेंबर, दुपारी १:२५

असहमत. ४ सप्टेंबरचं खरं रीडिंग फोटोसकट त्यांच्याकडे असताना सरासरी लावायचा अधिकारच काय? त्याच रीडिंगवर सप्टेंबरचं बिलही दुरुस्त झालं पाहिजे. आणि ₹४,५७० ची मुदत ऑक्टोबरच्या रीडिंगआधीच संपते, त्याचं काय?

---

उंबरठा · २६ सप्टेंबर, दुपारी २:१०

मुदत २८ ला आहे. तोच पहिला कागद तारखा बदलून पुन्हा देतोय, पुन्हा सहा महिन्यांच्या सरासरीने अंडर प्रोटेस्ट. सप्टेंबरचं रीडिंग ०६३३० धरून बिल द्या हीही मागणी त्यात घातली आहे. ऑक्टोबरचं बिल आलं की आकडे इथे टाकतो. मंचाचा अर्ज भरून ठेवलाय, तारीख तेवढी कोरी आहे.